स्वीकारत नाही

बढती नाकारली असं कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "अगं, मग बाबांना तिकडंच घेऊन जायचं ना!" विचारणारा चांगल्या मनानंच विचारतो. त्याच्या डोळ्यासमोर एक फ्लॅट असतो, त्यात एक जास्तीची खोली असते, खोलीत बाबा टीव्ही बघत बसलेले असतात आणि मी संध्याकाळी ऑफिसातून येताना औषधं घेऊन येते. मीही आधी हेच चित्र डोळ्यासमोर आणलं होतं. नकाराचा मेल लिहिण्याआधी चार दिवस मी ते चित्र खरं होईल का, हेच तपासत होते. त्या चार दिवसांमुळे मेल दहा वाक्यांत संपला.

मी कोल्हापुरात एका कास्टिंग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीमध्ये आहे. भट्टीतून आलेल्या मालाची तपासणी, गिऱ्हाइकाचं ऑडिट, परत आलेल्या मालाची कारणं शोधणं, असं माझं काम. नऊ वर्षं झाली. कोल्हापूरसारखंच कोइम्बतूरही फाउंड्रीचं आणि पंपांचं गाव. आमच्या कंपनीनं तिथं दुसरा प्लांट घेतला आणि तिथल्या क्वालिटीचं प्रमुखपद मला देऊ केलं. माझ्या हाताखाली चौदा माणसं असणार होती आणि नवी प्रयोगशाळा मीच उभी करायची होती. हातात येणारा पगार ४६ हजारांवरून ६८ हजारांवर जाणार होता. सरांनी मंगळवारी फोन केला, गुरुवारी एचआरचा मेल आला आणि उत्तर पुढच्या बुधवारपर्यंत द्यायचं होतं.

मला ती जागा हवी होती. हे आधीच सांगते, कारण नाकारणाऱ्या माणसाला ती गोष्ट फारशी नकोच असणार, असं लोक धरून चालतात.

घरी आम्ही तिघं. बाबा ६७ वर्षांचे, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. मधुमेहानं मूत्रपिंडं गेली आणि तीन वर्षांपासून डायलिसिस सुरू आहे. हृदयही थोडं अशक्त असल्यामुळे प्रत्यारोपणाचा रस्ता डॉक्टरांनी बंद केला. आईचे गुडघे गेलेत, तिला दोन जिने चढवत नाहीत. दादा मस्कतला आहे. तो दर महिन्याला पैसे पाठवतो, रोज रात्री व्हिडिओ कॉल करतो, वर्षातून एकदा येतो.

डायलिसिस मंगळवार, गुरुवार, शनिवार, दुपारी चार ते रात्री आठ. त्या तीन दिवशी मी सात ते साडेतीनची पाळी मागून घेतली आहे. घरी जायचं, बाबांना गाडीवर मागं बसवायचं आणि चारच्या आत वजनकाट्यावर उभं करायचं. त्यांचं कोरडं वजन, म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाचं वजन, ५८ किलो. काट्यावर ६० आलं तर दोन किलो पाणी काढायचं. त्यापेक्षा बरंच जास्त आलं, की एकाच बैठकीत तेवढं पाणी ओढताना रक्तदाब कोसळतो. म्हणून घरात पाण्याची बाटली मोजलेली असते, आमटी वाटीनं मोजून वाढतात, भाज्या चिरून पाण्यात ठेवतात, मग उकळून ते पाणी फेकून देतात. पोटॅशियम कमी व्हावं म्हणून. केळं बंद, शहाळं तर पूर्ण बंद.

हे सगळं दुसऱ्या गावी जाऊनही करता येतं. भाजी कुठंही उकळते. म्हणून मी वही घेतली आणि कुठलं हलवता येईल, कुठलं नाही, याचे दोन रकाने पाडले.

पहिली गोष्ट मशीनची. डायलिसिस केंद्रात नुसतं नाव घालून भागत नाही, ठरावीक वारांची ठरावीक पाळी मिळावी लागते. मी कोइम्बतूरच्या दोन केंद्रांना फोन केले. दोघांनीही काविळीचे बी आणि सी हे दोन प्रकार आणि एचआयव्ही यांचे ताजे रिपोर्ट मागितले. तसे ते सगळीकडेच मागतात, कारण लागण असलेल्यांची मशीन वेगळी ठेवतात. एका केंद्रात जागाच नव्हती. दुसऱ्यात रात्रीची पाळी मोकळी होती, म्हणजे नऊला सुरू होऊन रात्री एकला संपणारी. नव्या गावात, रात्री एक वाजता, डायलिसिसनंतर भोवळ येणाऱ्या माणसाला घरी आणायचं आणि सकाळी प्लांटवर जायचं. आठवड्यातून तीनदा.

दुसरी गोष्ट पैशांची. इथं बाबांचं डायलिसिस महात्मा फुले जनआरोग्य योजनेत होतं. ती महाराष्ट्र सरकारची योजना आहे, तमिळनाडूत तिचा आधार नाही. तिथल्या केंद्रानं एका वेळचे दोन हजार सांगितले. महिन्याला तेरा वेळा धरलं तर २६ हजार, रक्त वाढवायची इंजेक्शनं वेगळी. पगारातली वाढ २२ हजारांची. घरभाडं मी त्यात धरलंच नाही, गरज उरली नव्हती.

तिसरी गोष्ट मी वहीत सगळ्यात शेवटी लिहिली, आणि खरं तर नकार तिथंच ठरला. डायलिसिस चालू असताना बाबांचा रक्तदाब अचानक उतरतो. आधी जांभया येतात, मग पोटात कसंतरी होतं, मग पायात गोळे. ते पहिल्या जांभईलाच सांगतात, "पोरा, अंधारी याया लागली." टेक्निशियन पाणी ओढणं थांबवतो, खुर्ची मागं झुकवतो, पाय वर घेतो, आणि पाच मिनिटांत बाबा जाग्यावर येतात. ते वाक्य उशिरा गेलं तर बेशुद्धी. तमिळ केंद्रात त्यांनी ते कुणाला सांगायचं? बाबांना मराठी येतं आणि एसटीत लागेल तेवढं हिंदी. चार तास मी शेजारी बसायचं, हे एकच उत्तर. मग प्रयोगशाळा कोण उभी करणार?

एवढं झाल्यावर दुसरा पर्याय तपासला, तो म्हणजे मी एकटीनं जायचं आणि बाबांना इथंच ठेवायचं. ने-आण करायला माणूस मिळतो, रिक्षावाला ठरवता येतो. पण बाबांच्या डाव्या हातात फिस्टुला आहे, म्हणजे डायलिसिसच्या सुयांसाठी शीर आणि धमनी जोडून तयार केलेली जागा. रोज सकाळी त्यावर दोन बोटं ठेवायची. मांजर मांडीवर गुरगुरतं तशी थरथर लागली पाहिजे. ती थांबली तर आत गुठळी झाली असं समजून तासाभरात दवाखाना गाठायचा, कारण उशीर झाला की ती शीर वाचत नाही आणि नवा फिस्टुला वापरण्याजोगा व्हायला काही आठवडे जातात. त्या हाताचा रक्तदाब घेऊ द्यायचा नाही, त्यातून रक्त काढू द्यायचं नाही. नवी नर्स आली की हे पुन्हा सांगायचं. आईला ही थरथर ओळखता येते, पण रात्री दोनला बाबांना खाली उतरवणं तिला जमणारं नाही. पगारी माणसाला ने-आण सांगता येते. घाई कधी करायची, हे ठरवायला घरचं माणूस लागतं.

तर निर्णय झाला. आता तो कळवायचा.

ऑफिसचा मेल इंग्रजीत जातो. पण मी तो आधी मराठीत लिहून काढला, कारण इंग्रजीत बसलं की पहिल्या दोन ओळी आपोआप दिलगिरीच्या येतात. मराठीत लिहिताना पहिला प्रश्न क्रियापदाचा आला. "मी ही जागा स्वीकारू शकत नाही" की "स्वीकारत नाही"? पहिलं नम्र वाटतं. पण 'शकत नाही' म्हटलं की समोरचा माणूस अडचण दूर करायला लागतो. घरभाडं देऊ, विमानाचं तिकीट देऊ, सहा महिने बघ. त्याचा त्यात दोष नाही, वाक्यच त्याला मदतीला बोलावतं. मग प्रत्येक सवलतीला वेगळा नकार द्यावा लागतो, आणि चौथ्या नकाराला आपण हट्टी ठरतो. 'स्वीकारत नाही' म्हटलं की निर्णय झालेला असतो. त्यानंतर कारण सांगितलं तरी ती सौदेबाजी होत नाही.

दुसरा प्रश्न 'मुळे'चा. "वडिलांच्या आजारपणामुळे" असं लिहिणं अगदी सोपं होतं. पण बाबांना हे सगळं कळलं तेव्हा ते आईला म्हणाले होते, "माझ्यापायी पोरगीचं नुकसान व्हायला लागलंय." मेल ते वाचणार नव्हते, तरी त्यांचं ते वाक्य मला कंपनीच्या कागदावर उतरवायचं नव्हतं. शिवाय आजारपण हे कारण म्हणून सैल आहे. आजार बरा होतो, वाचणारा मनात दोन महिने धरतो. मला कायमची आणि ठरलेल्या वारांची जबाबदारी सांगायची होती. त्यासाठी 'आठवड्यातून तीन वेळा' हे शब्द पुरेसे होते. वजन, रक्तदाब, रात्रीची धावपळ यातलं काहीच मेलमध्ये गेलं नाही. तो मेल पाच जणांच्या इनबॉक्समध्ये फिरणार होता, आणि पाच जणांना बाबांच्या शरीराची माहिती कशाला?

तिसरी गोष्ट, मी काय देऊ करते. "इथून जमेल ती मदत करेन" हे वाक्य मी वापरलं नाही, कारण त्याचा अर्थ काहीही होतो किंवा काहीच होत नाही. त्याऐवजी मावसभावाला फोन केला. तो इचलकरंजीत असतो. तीन महिन्यांतून चार दिवस तू आमच्याकडे राहशील का, असं सरळ विचारलं. तो म्हणाला, "महिनाभर आधी सांग, म्हणजे रजा टाकतो." तेवढंच मी मेलमध्ये लिहिलं, त्याच्या अटीसकट. घरात पक्कं न झालेलं कंपनीला देऊ करायचं नाही, हा एक नियम मी पाळला.

मेल असा होता.

"नमस्कार सर,

कोइम्बतूर प्लांटच्या क्वालिटी प्रमुखाची जागा मी स्वीकारत नाही. माझा विचार केलात याबद्दल मनापासून आभार. हे काम मला आवडलं असतं.

माझ्या वडिलांचं आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस असतं आणि ती जबाबदारी माझ्याकडे आहे. उपचार कोइम्बतूरला हलवता येतील का, याची मी चौकशी केली. ते शक्य नाही.

कोल्हापुरात राहून मी दोन गोष्टी करू शकते. नव्या प्रयोगशाळेची घडी बसेपर्यंत दर सोमवारी ऑनलाइन आढावा घेईन, आणि महिनाभर आधी तारीख कळवल्यास तिमाहीत एकदा चार दिवस तिथं येईन.

कोल्हापुरातल्या बढतीसाठी माझा विचार पूर्वीसारखाच व्हावा. बाहेरगावच्या जागेबद्दल येत्या एप्रिलमध्ये मी स्वतः पुन्हा कळवेन."

पहिल्या ओळीतच नकार ठेवला, त्याचं कारण आमच्या कामात आहे. माल नापास झाला की आम्ही गिऱ्हाइकाला पहिल्या ओळीत तेच कळवतो, मग कारण, मग तोवरची व्यवस्था, मग तारीख. वाचणाऱ्याला पुढचं काहीतरी ठरवायचं असतं. सरांनाही दुसरं नाव शोधायचं होतं. त्यांना चौथ्या परिच्छेदापर्यंत ताटकळत ठेवणं हा सभ्यपणा नव्हे. म्हणूनच बुधवारची मुदत असूनही मी सोमवारी सकाळी उत्तर दिलं. आधी फोन केला, तोंडी सांगितलं, आणि अर्ध्या तासात मेल पाठवला. नुसता मेल कोरडा वाटतो. नुसता फोन केला तर वर्षभरानं कुणाला तरी आठवतं, "तिला तेव्हा इंटरेस्ट नव्हता." हे वाक्य मी इतरांच्या बाबतीत मीटिंगमध्ये ऐकलेलं आहे. विशेषतः बायकांच्या बाबतीत, आणि दर वेळी त्यांनी नेमकं काय सांगितलं होतं याचा कागद कुणाकडेच नसतो. 'हे काम मला आवडलं असतं' हे वाक्य त्या कागदासाठी होतं.

शेवटचा परिच्छेद लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला. 'सध्या', 'तूर्तास', 'परिस्थिती बदलल्यावर' असे शब्द लिहिता येत होते. पण आमच्या घरात परिस्थिती बदलण्याचा अर्थ काय, हे मला माहीत होतं. बाबांचं डायलिसिस थांबेल असा एकच दिवस असणार आहे. 'परिस्थिती बदलल्यावर येईन' असं लिहिणं म्हणजे त्या दिवसाची वाट बघते आहे, असं लिहिणं. ते मला जमेना. म्हणून परिस्थिती काढून टाकली आणि महिना लिहिला. एप्रिलला कुणाचं काही वाईट व्हावं लागत नाही, तो आपोआप येतो.

सरांचं उत्तर संध्याकाळी आलं. "समजलं. सोमवारचा आढावा सुरू करू. बाबांना नमस्कार सांग." एचआरनं नुसतं 'नोंद घेतली' असं कळवलं. दोन आठवड्यांनी ती जागा माझ्याच हाताखाली तयार झालेल्या एका मुलाला मिळाली. त्याला पहिलं ऑडिट कसं सांभाळायचं ते मी शिकवलं होतं. आता दर सोमवारी अकरा वाजता तो तिथल्या नापास मालाचे आकडे दाखवतो, मी प्रश्न विचारते, आणि बैठकीचा अहवाल त्याच्या सहीनं जातो. तो मला अजून 'मॅडम' म्हणतो. ते ऐकताना दर सोमवारी बरंच वाटतं असं नाही.

दादाला मी सगळं ठरल्यावर सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "मी पैसे वाढवून पाठवू का?" मी नको म्हटलं नाही. पैसे वाढव, आणि वर्षातून एकदा येतोस ते दोनदा ये, आणि आलास की ते पंधरा दिवस मंगळवार-गुरुवार-शनिवार तुझे, असं सांगितलं. वजनकाटा, फिस्टुलावर बोटं ठेवणं, सगळं त्यानं शिकायचं. गणपतीला तो आला तेव्हा बाबांनीच त्याला हात धरून दाखवलं. "हितं बोट ठेव. लागलं का? हां, हीच गाडी चालू हाय समज." त्या पंधरवड्यात मी कोइम्बतूरला चार दिवस जाऊन आले. प्रयोगशाळा चांगली झाली आहे. उजेड येतो. बाहेर नारळाची झाडं आहेत. परतताना बाबांसाठी काय आणावं हे सुचेना, कारण तिथं सगळीकडे शहाळीच.

मार्चअखेर वार्षिक मूल्यमापनाचा फॉर्म आला. त्यात दरवर्षी एक रकाना असतो, बदलीस तयार : हो / नाही. दोनच चौकटी. तिथं नुसती 'नाही'वर खूण केली तर ती यादी लावणाऱ्याला कायमची वाटते, आणि 'हो'वर करणं खरं नव्हतं. मी 'नाही'वर खूण केली आणि खालच्या शेऱ्याच्या जागेत लिहिलं : 'या वर्षापुरतं. वडिलांच्या उपचाराची जबाबदारी. तिमाहीत चार दिवस दौऱ्याला तयार, गेल्या वर्षी तीन दौरे पूर्ण. कोल्हापुरातल्या जागेसाठी विचार व्हावा.' एवढ्या जागेत एवढंच मावलं.

एप्रिलच्या दोन तारखेला सरांनाही मेल केला. त्यांनी विचारलं नव्हतं, त्यांच्या लक्षात असण्याचं कारणही नव्हतं. तारीख आपण दिली की ती आपणच पाळायची. दोन ओळी होत्या. बाहेरगावच्या जागेबद्दल या वर्षीही उत्तर तेच आहे, पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा कळवेन. या वेळी क्रियापदापाशी अडायला झालं नाही. शनिवार होता. मेल पाठवून साडेतीनला गेटवर कार्ड पंच केलं, आणि चारला पाच मिनिटं असताना बाबा काट्यावर उभे होते. साठ किलो दोनशे.